सर्जिकल वॉर्डसाठी ग्लोव्ह्ज, सिरिंज आणि ड्रेसिंगची पार लेव्हल

प्रश्न: आमच्या ३० खाटांच्या सर्जिकल वॉर्डसाठी ग्लोव्ह्ज, सिरिंज आणि ड्रेसिंगच्या सामानाची पार लेव्हल, म्हणजे दर वाटपाला वॉर्डचा साठा जिथपर्यंत भरून द्यायचा तो आकडा, ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर्षभराची इंडेंट बुके हाताशी आहेत. स्टोअर फक्त सोमवारी आणि गुरुवारी इंडेंट घेते. आकडा नेमका कसा काढायचा?

उत्तर:

इंडेंट बुकांवरून आकडा काढू नका. वॉर्डने काय मागितले आणि स्टोअरने त्यातले किती दिले, एवढेच त्या बुकांत असते. वॉर्डमध्ये प्रत्यक्ष किती वापरले गेले हे त्यांतून कळत नाही. मागच्या वेळी माल कमी आला असेल तर इन्चार्ज सिस्टर पुढच्या इंडेंटमध्ये दीडपट लिहितात आणि उरलेला माल कपाटात जपून ठेवतात, आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण रात्रपाळीत ग्लोव्ह्ज संपले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. वर्षभराच्या इंडेंटची सरासरी काढली तर ही भीतीही सरासरीत मिसळते.

मी सोलापुरातील एका रुग्णालयाचे स्टोअर सांभाळतो आणि आमच्याकडेही तुमच्यासारखेच सोमवार आणि गुरुवार हे वाटपाचे वार आहेत. आमच्या सर्जिकल वॉर्डसाठी आम्ही १४ दिवस रोज सकाळी ड्यूटी बदलताना मोजणी केली. सुरुवातीचा साठा, त्यात स्टोअरमधून आलेला आणि दुसऱ्या वॉर्डकडून उसना घेतलेला माल मिळवायचा, त्यातून शेवटचा साठा आणि दुसऱ्या वॉर्डला दिलेला माल वजा करायचा. उरतो तो खरा वापर. मोजणीत स्टोअररूमबरोबर ड्रेसिंग ट्रॉली, इंजेक्शन ट्रॉली आणि सिस्टरांचे कपाटही धरावे. क्रॅश कार्टमधील सामान मात्र मोजू नये, कारण ते ठरलेल्या संख्येनेच तेथे राहिले पाहिजे आणि रोजच्या गरजेसाठी त्याला हात लागता कामा नये. खाटांजवळच्या होल्डरमधील उघडी खोकीही सोडून द्यावीत. होल्डर किती हे पक्के असले की तो साठा आपोआप स्थिर राहतो.

आता किती दिवसांचा साठा धरायचा ते पाहू. गुरुवार ते सोमवार हे सर्वांत लांब अंतर, म्हणजे ४ दिवस. आमच्याकडे सोमवारी सकाळी मोजणी होऊन इंडेंट जातो आणि माल मंगळवारी सकाळी वॉर्डमध्ये पोहोचतो, म्हणून त्यात १ दिवस मिळवला. पार लेव्हल ५ दिवसांना पुरली पाहिजे. तुमच्याकडे माल त्याच दिवशी दुपारी मिळत असेल तर साडेचार दिवसही चालतील, पण मधले ३ दिवसांचे अंतर धरून हिशेब करू नका, नाहीतर दर रविवारी तुटवडा दिसेल.

ग्लोव्ह्जचा हिशेब सर्वांत सरळ असतो, कारण त्यांचा वापर भरलेल्या खाटांबरोबर वाढतो. त्या १४ दिवसांत आमच्या वॉर्डमध्ये रोज सरासरी २४ रुग्ण होते आणि तपासणीच्या ग्लोव्ह्जची १०० नगांची ४५ खोकी लागली. यातून दर रुग्णामागे दिवसाला १३ ते १४ नग, म्हणजे साधारण पावणेसात जोड्या निघतात. हा आकडा जपून ठेवावा, कारण वॉर्ड भरून ३० रुग्ण झाले की पार लेव्हल त्याच प्रमाणात, म्हणजे सव्वापट करता येते. पण ४५ खोक्यांची एकच पार ठरवून चालत नाही. साइजनुसार वेगळी ठरवावी लागते. आमच्या ४५ पैकी २८ मीडियम, १२ स्मॉल आणि ५ लार्ज होती. स्मॉल संपले की सिस्टर मीडियम घालतात, ते बोटांवर सैल बसतात, आणि शीर शोधताना काढून पुन्हा नवे घालावे लागतात.

मीडियमची २८ खोकी म्हणजे दिवसाला २ आणि ५ दिवसांना १० खोकी. यावर सुरक्षित साठा किती ठेवायचा, याचे उत्तर पुष्कळ जण २० किंवा २५ टक्के असे अंदाजाने देतात. त्यापेक्षा आपल्याच नोंदीत सलग कोणत्याही ५ दिवसांचा सर्वांत मोठा वापर शोधावा. आमच्याकडे तो १३ खोकी निघाला. नोंद केवळ दोन आठवड्यांची होती, म्हणून आणखी १ खोके धरून मीडियमची पार आम्ही १४ ठरवली. याच पद्धतीने स्मॉलची ६ आणि लार्जची ३ आली. मोजणीच्या दिवशी त्या वस्तूच्या कार्डावर लिहिलेल्या पारमधून हातातला साठा वजा करायचा आणि जी संख्या येईल तेवढाच इंडेंट लिहायचा.

सिरिंजच्या बाबतीत खरी अडचण अशी की एक माप संपले तर दुसरे वापरले जाते आणि नोंद खोटी पडते. आमच्या मोजणीच्या दुसऱ्या आठवड्यात ५ मिलिलिटरच्या सिरिंज दोन दिवस अजिबात नव्हत्या. एरवी ५ मिलिलिटरच्या दिवसाला ८० आणि १० मिलिलिटरच्या ३० लागत. त्या दोन दिवसांत पहिल्यांचा वापर शून्य आणि दुसऱ्यांचा ११० नोंदला गेला. हे दोन दिवस तसेच ठेवून सरासरी काढली तर ५ मिलिलिटरची रोजची गरज सुमारे ६९ दिसते आणि १० मिलिलिटरची ४१. पाच दिवसांच्या हिशेबात पहिलीची पार ४०० ऐवजी ३४३ होते, दुसरीची १५० ऐवजी २०७ होते, आणि जो तुटवडा एकदाच झाला होता तो कार्डावर कायमचा छापला जातो. म्हणून ज्या दिवशी एखादे माप शून्यावर आले, तो दिवस दोन्ही मापांच्या हिशेबातून वगळावा. वगळल्यानंतर ५ मिलिलिटरचा पाच दिवसांचा सर्वांत मोठा वापर ४६० निघाला आणि १०० च्या खोक्यांत बसवून आम्ही पार ५ खोकी केली.

येथे एक गोष्ट आधीच तपासून घ्या. तुमच्याकडे सिरिंज रुग्णाच्या नावाने फार्मसीतून येत असतील, तर वॉर्डच्या साठ्यातून किती गेल्या तेवढ्याच मोजा. दोन्ही वाटांनी येणाऱ्या सिरिंज एकत्र धरल्या तर पार दुप्पट निघते, आणि डिस्चार्जनंतर परत न गेलेल्या सिरिंज कपाटात साचत राहतात. इन्सुलिनच्या सिरिंजच्या बाबतीत एक प्रकार संपला म्हणून दुसरा वापरूच नये. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही तीव्रतांच्या व्हायलमध्ये मिळते आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. एकीच्या जागी दुसरी वापरली तर डोस अडीच पटींनी चुकू शकतो. म्हणून त्यांची पार थोडी सढळ ठेवावी, दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात आणि वॉर्डमध्ये एकच तीव्रता वापरली जात असेल तर दुसऱ्या सिरिंजला जागाच देऊ नये.

ड्रेसिंगच्या सामानाला मात्र खाटांच्या संख्येवरून पार लावता येत नाही, आणि माझ्या मते बहुतेक वॉर्डांचा हिशेब येथेच फसतो. मधुमेहाने पायाला मोठी जखम झालेला एकच रुग्ण उरलेल्या निम्म्या वॉर्डइतके गामजी पॅड वापरू शकतो. तो घरी गेला की त्याच्यासाठी वाढवलेली पार मागे राहते आणि कपाटात पॅड साचतात. आमच्या १४ दिवसांत २०० पॅड लागले, पण त्यांतले ११० केवळ दोन रुग्णांच्या ड्रेसिंगला गेले होते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी केसपेपरवर नोंद ठेवली होती म्हणून हे वेगळे काढता आले. ते ११० बाजूला केल्यावर उरलेल्या ९० चा रोजचा वापर साडेसहाच्या आत, ५ दिवसांचा ३२ आणि सर्वांत मोठा ३८ आला. नेहमीची पार आम्ही ४० ठेवली. मोठ्या जखमेचा रुग्ण दाखल झाला की त्याच्या नावाने दिवसाला ४ प्रमाणे आणखी २० पॅड कार्डावर पेन्सिलीने लिहायचे आणि डिस्चार्जच्या दिवशी ते खोडायचे, असा नियम केला. गॉझ आणि बँडेज रोललाही हीच रीत लावता येते. रुग्णालयातच निर्जंतुक केलेल्या पॅकना आणखी एक मर्यादा असते: पॅकवरील शेवटच्या तारखेपर्यंत जेवढे वापरले जातील, त्यापेक्षा जास्त पार ठेवली तर ते पुन्हा ऑटोक्लेव्हला पाठवावे लागतात.

वाटपाचा एक वार सुट्टीत गेला तर हिशेब तात्पुरता बदलतो. गुरुवार चुकला तर सोमवार ते सोमवार असे ७ दिवस आणि माल पोहोचण्याचा १ असे ८ दिवस होतात. मीडियम ग्लोव्ह्जसाठी ८ दिवसांची १६ खोकी आणि सुरक्षित साठ्याची ४ मिळून त्या आठवड्यापुरती पार २० करावी. दिवाळीत हे करावे लागतेच. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे आपल्याकडील रस्ते बंद असतात, तेव्हाही मी आधीच्या वाटपाला वाढवून देतो. मात्र एप्रिल-मेसाठी आधीपासून ग्लोव्ह्ज भरून ठेवण्याच्या फंदात पडू नका. सोलापुरात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि लॅटेक्स उष्णतेने चिकट व ठिसूळ होते. पश्चिमेच्या खिडकीशी किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यांतले ग्लोव्ह्ज घालतानाच फाटतात, मग वापर वाढल्यासारखा दिसतो आणि कोणीतरी पार वाढवते. उन्हाळ्यात अचानक वाढलेला वापर दिसला की आधी खोकी कोठे ठेवली आहेत ते पाहा.

पार बरोबर बसली की नाही, हे मोजणीच्या दिवशी शिल्लक किती राहते यावरून कळते. मीडियमची पार १४ आणि वापर दिवसाला २ असेल तर गुरुवारी सकाळी सुमारे ८ आणि सोमवारी सकाळी सुमारे ६ खोकी शिल्लक दिसली पाहिजेत. सोमवारची शिल्लक लागोपाठ ३ आठवडे २ किंवा त्याहून कमी राहिली तर पार वाढवावी. ९ च्या वर राहिली तर कमी करावी, पण त्याआधी इन्चार्ज सिस्टरांना विचारून घ्यावे, कारण वॉर्डमधील रुग्णच त्या काळात कमी असू शकतात. मधल्या काळात एखाद्या दिवशी उसने आणावे लागले तर ते कार्डावर लाल शाईने लिहायला सांगा. सोमवारची शिल्लक ठीक दिसूनही लाल नोंदी येत असतील, तर कमी पडणारी वस्तू बहुधा वेगळ्या साइजची किंवा मापाची असते.