मार्चचं व्याज जुळलं की निम्मं पत्र झालं

प्रश्न: गृहकर्जाचं स्टेटमेंट सँक्शन लेटरशी ताडून पाहिलं, तर बँकेने व्याज जास्त लावलंय असं दिसतंय. पत्र कसं लिहू? की सरळ वकिलाची नोटीस पाठवू?

पत्र तुम्हीच लिहा, एका पानाचं. ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘मानसिक त्रास’ यातला एकही शब्द त्यात येऊ देऊ नका. तो कागद ज्याच्या टेबलावर जातो त्याला तुमच्या रागाचं काहीच करता येत नाही. खात्यातली चुकीची नोंद मात्र त्याला शोधता येते, पण ती कुठे आहे हे तुम्ही दाखवलंत तरच.

मी यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २०२३ मध्ये धायरीत जुना फ्लॅट घेतला, तेव्हा सिंहगड रोडवरच्या एका बँकेच्या शाखेतून कर्ज काढलं. सँक्शन लेटरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: व्याजदर म्हणजे रेपो दर अधिक २.२५ टक्के, दर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला रीसेट, व्याज रोजच्या शिलकीवर काढून महिनाअखेरीस नावे टाकणार. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून ६.५० वर थांबलेला होता, त्यामुळे माझा दर ८.७५. पुढची जवळजवळ दोन वर्षं तो तसाच राहणार होता आणि तसाच राहिला.

मग ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो ६.२५ झाला, ९ एप्रिलला ६.०० आणि ६ जूनला ५.५०. इथे पुष्कळ लोक घसरतात. रेपो कमी झाल्याची बातमी ज्या दिवशी येते, त्या दिवसापासून ते कमी व्याज मागतात. तसं नसतं. कपात पुढच्या रीसेटच्या तारखेला लागू होते. फेब्रुवारीची कपात मला १ एप्रिलला मिळायला हवी होती, म्हणजे दर ८.५०. एप्रिल आणि जूनच्या कपाती १ जुलैला एकदम, म्हणजे ७.७५. ९ एप्रिलपासून ८.२५ लावा असं मी लिहिलं असतं, तर बँकेने तेवढ्या एका वाक्यावर बोट ठेवून अख्खं पत्र बाजूला सारलं असतं.

आता खरी अडचण. आमच्या स्टेटमेंटमध्ये दराचा रकानाच नाही. महिन्याच्या शेवटच्या तारखेला व्याजाची एक रक्कम नावे पडते, बस. दर कोणता लावला हे त्या रकमेवरून उलटं काढावं लागतं. त्यासाठी इंटरनेटवरचं हप्त्याचं कॅल्क्युलेटर वापरू नका. ते वर्षाचं व्याज बाराने भागतं, आणि माझी बँक दिवस मोजून ३६५ ने भागते. नुसत्या या पद्धतीच्या फरकानेच काही रुपये इकडेतिकडे होतात आणि मग बँक म्हणते, ‘मॅडम, तुमचा हिशोब चुकलाय.’

म्हणून आधी असा महिना घ्या ज्याबद्दल वाद नाही. मी मार्च २०२५ घेतला. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक २४,००,००० धरा (आकडे सोयीसाठी गोल केलेत) आणि ५ तारखेला २५,००० चा हप्ता जमा. पहिले ४ दिवस २४,००,०००, पुढचे २७ दिवस २३,७५,०००. शिल्लक गुणिले दिवस, या दोन्हींची बेरीज ७,३७,२५,०००. तिला ८.७५ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागलं की १७,६७४ रुपये येतात. स्टेटमेंटमध्ये ३१ मार्चला हीच रक्कम असेल, तर तुमची पद्धत हीच बँकेची पद्धत हे सिद्ध झालं. यापुढे वाद फक्त दराचा उरतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोलाचं काम हेच आहे, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

मग एप्रिल. बँकेच्याच आकड्यांनी सुरुवातीची शिल्लक २३,९२,६७४. त्याच पद्धतीने ८.७५ ने व्याज येतं १७,०५२ आणि ८.५० ने १६,५६५. स्टेटमेंटमध्ये होते १७,०५२. म्हणजे रीसेट झालाच नव्हता. असे सहा महिने मांडले: एप्रिल ते जून महिन्याला पाचशेच्या आसपास, जुलै ते सप्टेंबर दोन हजारांच्या आसपास. एकूण ७,३७१ रुपये.

पत्राचा गाभा मी असा लिहिला होता:

‘मंजुरीपत्रातील व्याजदराच्या कलमानुसार माझ्या कर्जाचा दर रेपो अधिक २.२५ टक्के असून तो दर तिमाहीच्या पहिल्या दिवशी रीसेट होणे अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२५ रोजी ८.५० टक्के व १ जुलै २०२५ रोजी ७.७५ टक्के दर लागू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात ३० सप्टेंबरपर्यंत ८.७५ टक्क्यांनीच आकारणी झाल्याचे सोबतच्या तक्त्यावरून दिसते. तक्त्यातील मार्च महिन्याचा हिशोब आपल्या नोंदीशी रुपयापर्यंत जुळतो. कृपया (१) खात्यावरील व्याजदर बदलांचा संपूर्ण तपशील तारखांसह द्यावा, (२) जादा आकारलेले व्याज संबंधित तारखांच्या मूल्य-दिनांकाने परत जमा करावे, (३) सुधारित उर्वरित हप्त्यांची संख्या कळवावी.’

सोबत सँक्शन लेटरच्या त्या पानाची प्रत, कर्ज करारातल्या व्याजाच्या परिशिष्टाची प्रत, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि तक्ता. पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे, प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेलने. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा गोल शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

शाखेत मला काय सांगितलं ते नीट वाचा, कारण तुम्हालाही हेच सांगतील. ‘दर कमी करून घ्यायचा असेल तर हा कन्व्हर्जनचा फॉर्म भरा आणि फी भरा, लगेच करून देतो.’ सही करू नका. एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या जुन्या मूळ दरावरून रेपोवर जायचं असेल किंवा २.२५ चा स्प्रेडच कमी करून हवा असेल, तर त्या फॉर्मला अर्थ आहे. माझं कर्ज पहिल्यापासून रेपोवरच होतं आणि रीसेट आपोआप होणार हे करारात होतं. फॉर्मवर सही म्हणजे आजपासून नव्या अटी मान्य, आणि मागच्या सहा महिन्यांचं व्याज सोडून दिल्यासारखं. मी फॉर्म परत केला आणि म्हटलं, ‘मला सवलत नकोय, करारातला दर हवाय.’

लेखी उत्तर मुदतीत आलं. प्रणालीत माझ्या खात्याच्या रीसेटची वारंवारता तिमाहीऐवजी वार्षिक अशी भरली गेली होती. दर ७.७५ झाला आणि ७,३७१ रुपये जमा झाले, पण ते जमा करण्याच्या दिवसाच्या तारखेने. मी पुन्हा लिहिलं की मूल्य-दिनांक द्या. एप्रिलचे ४८७ रुपये एप्रिलमध्येच कमी नावे पडले असते, तर मे महिन्याचं व्याज तेवढ्या कमी शिलकीवर लागलं असतं. फरक शंभर-दीडशे रुपयांचाच होता, तरी तो मागितला आणि मिळाला.

याच ठिकाणी आमच्या घरात वाद झाला होता. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दुसऱ्या एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं होतं, ‘संगणक चुकत नाही. सात हजारांसाठी बँकेशी वैर घेऊ नकोस, उद्या याच कर्जावर टॉप-अप म्हणून आणखी पैसे लागले तर अडवतील.’ भाऊजींबद्दल मला आदर आहे, पण हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. संगणक गुणाकार चुकत नाही हे खरं. वारंवारतेच्या रकान्यात मात्र कुणीतरी माणसाने हाताने माहिती भरलेली असते, आणि ती चुकली की संगणक तीच चूक दर महिन्याला बिनचूक करत राहतो. आणि प्रश्न सात हजारांचा नव्हताच. २४ लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला सुमारे चोवीस हजार. हप्ता तोच ठेवला तर हे पैसे मुदतीतून कमी होतात, म्हणजे शेवटचे कित्येक हप्ते वाचतात. टॉप-अपची भीती घालून लोकांना स्वतःचं स्टेटमेंट वाचण्यापासून परावृत्त करणं हे बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाने तरी करू नये. भाऊजींच्याच सोसायटीतल्या दोघांनी नंतर माझा तक्ता मागून नेला.

आता थोडं सावधगिरीचं. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेल्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना रेपोसारखा बाह्य निर्देशांक बंधनकारक आहे आणि रीसेट तीन महिन्यांतून किमान एकदा. हाऊसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर हे लागू नाही. तिथे त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो आणि तुमचं सगळं बळ करारातल्या शब्दांवर. तुमची सिबिलची स्थिती बरीच बिघडली असेल आणि करारात तशी तरतूद असेल, तर बँक स्प्रेडही वाढवू शकते, तेव्हा ते कलम आधी वाचा. स्टेटमेंटमधली प्रत्येक नावे नोंद व्याजाची नसते. विम्याचा हप्ता, चेक परतल्याचा आकार वेगळे काढा. कर्ज नवं असेल तर पहिल्या महिन्याचं व्याज पैसे हातात पडले त्या तारखेपासून लावलंय की करारावर सही झाली त्या तारखेपासून, हे पाहा. सहीच्या तारखेपासून व्याज लावणं चूक आहे असं रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय आणि जादा घेतलेलं परत करायलाही सांगितलंय.

वाद चालू असताना हप्ता थांबवू नका. थकबाकी दिसली की तुमची बाजू तिथेच कमजोर होते.

वकिलाचं विचारलंत. या पायरीवर नको. पोच मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, आणि जोडायचे कागद हेच: पोच असलेलं पत्र, सँक्शन लेटर, स्टेटमेंट आणि तो मार्चपासूनचा तक्ता.