तर्क वेगळा शिकवून येतो का?

प्रश्न: चिकित्सक विचार हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवता येतो का, की गणित-इतिहासातूनच येतो?

थोडा येतो, पण नुसते नियम शिकवून फारसा नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचं १९६६ चं कोडं बघा. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक; समोर दिसतात: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम अंक हवा. नियम मोडलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बरेच जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात (मीही तेच म्हटलं होतं). बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’, कारण ‘७’मागे स्वर निघाला तर नियम मोडतो, पण ‘४’मागे काहीही निघालं तरी मोडत नाही.

१९८२ मध्ये फ्लोरिडात हाच तर्क ‘बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं’ असा विचारला, तर जवळपास तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांना जमला. तर्क तोच, फक्त विषय ओळखीचा.

आणि १९८६ मध्ये दिसलं की कॉलेजात सत्रभर तर्कशास्त्र शिकूनही अशा कोड्यांत जेमतेम फरक पडतो. ‘अमुक परिस्थिती आली की तमुक करणं बंधनकारक’ असा व्यवहारातला साचा समजावला, तेव्हा मात्र पडला. म्हणून नियम शिकवायचाच असेल, तर ज्या विषयात तो वापरायचा त्यातल्याच उदाहरणांवर शिकवा.