समाजमाध्यमाने व्हिडिओ का काढून टाकला, हे विचारणाऱ्या पत्राबद्दल

तुमचा मसुदा वाचला. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे पहिले वाक्य काढून टाका, कारण तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी व्हिडिओची लिंक, तो काढून टाकल्याची तारीख आणि सूचनेत आलेले नियमाचे नाव जसेच्या तसे लिहून, आक्षेप दृश्यावर आहे, संगीतावर आहे की मथळ्यावर, एवढेच विचारा. मला स्वतःला शंका मथळ्याचीच येते: जांभूळ-बियांच्या चूर्णाने ‘मधुमेह बरा होतो’ अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानेच मनाई आहे. म्हणून तो दावा वगळून नवा मथळा पत्रातच द्या. उत्तर येईपर्यंत मात्र तोच व्हिडिओ पुन्हा टाकू नका. समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते.