कब्जेगहाण, नजरगहाण आणि 'गहाण बुडालं'

प्रश्न: पणजोबांच्या वेळचा एक कागद सापडला, त्यात 'कब्जेगहाण' असा शब्द आहे आणि पुढे 'रकमेस व्याज नाही व जमिनीस खंड नाही' असं वाक्य. नजरगहाण ऐकलं होतं, हे काय वेगळं? आणि गावातली जुनी माणसं म्हणतात ते गहाण कधीच बुडालं. गहाण बुडतं म्हणजे नक्की काय होतं?

तुमच्या कागदातलं ते वाक्यच अर्धं उत्तर आहे, पण आधी शब्द बघू.

गहाण हा संस्कृत ग्रहणाच्याच घराण्यातला, घेणं-धरणं या अर्थाचा. आमच्याकडे आजी सूर्यग्रहणालाही गिऱ्हाण म्हणायची (दे दान सुटे गिऱ्हाण आठवा) आणि जमिनीचं गहाणही तिच्या बोलण्यात 'सुटायचं'. दोन्हीकडे कोणीतरी काहीतरी धरून ठेवलंय आणि ते सोडायचंय, इतकं सरळ. मुद्दा असा की गहाणाचं मूळ क्रियापद सोडवणं हे आहे, बुडणं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कब्जा आणि नजर, दोन्ही अरबीतून आलेले. नजरगहाणात जमीन तुमच्याकडेच राहते, तुम्हीच कसता, सावकाराची तिच्यावर फक्त 'नजर', आणि व्याज वेगळं भरावं लागतं. कब्जेगहाणात रानच सावकाराच्या ताब्यात जातं, तो पेरतो, तो कापतो, आणि ते पीक म्हणजेच त्याचं व्याज. काही कागदांत ताबेगहाणही लिहिलेलं असतं, अर्थ तोच. म्हणून रकमेस व्याज नाही, जमिनीस खंड नाही: त्याने तुमच्याकडे व्याज मागायचं नाही, तुम्ही त्याच्याकडे खंड मागायचा नाही.

यातून एक गंमत निघते जी लोकांना पटकन पटत नाही. समजा १९६८ साली दोन एकर रान १,५०० रुपयांना पाच वर्षांच्या मुदतीने असं कब्जेगहाण दिलं आणि ते आजपर्यंत तसंच राहिलं, तर आज सोडवायला किती लागतील? १,५००. चक्रवाढ नाही, महागाई नाही, काही नाही, कारण व्याज दरवर्षी ज्वारी-हरभऱ्याच्या रूपात खाऊन झालंय. सावकाराच्या नातवाला हे ऐकून राग येतो, स्वाभाविक आहे, पण पन्नासेक वर्षांचं पीक त्याच घरात गेलं हेही खरंच की. (कागदात उत्पन्नातून मुद्दलही वळतं करावं असं असेल तर मग हिशोब करावा लागतो, आणि कधीकधी निघतं की रक्कम केव्हाच फिटली होती. पण तुमच्या वाक्यात तसं दिसत नाही, त्यात पीक फक्त व्याजापोटी आहे.)

आता बुडण्याकडे, म्हणजे सोडवण्याचा हक्कच जाऊन रान सावकाराचं होण्याकडे. याज्ञवल्क्य स्मृतीत गहाणाला आधि म्हणतात आणि तिथे एक ओळ आहे: 'काले कालकृतो नश्येत् फलभोग्यो न नश्यति'. म्हणजे मुदतीचं गहाण मुदतीला बुडतं, पण ज्याची फळं धनको खातोय ते गहाण बुडत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या जुन्या ओळीत आहे हे मला तरी भारी वाटतं. आणि आजचा कायदाही फिरून तिथेच आलाय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे मुदत संपल्यावर रक्कम दिली, देऊ केली किंवा कोर्टात भरली की जमीन परत मागता येते. भांडण होतं ते मुदतबाह्यतेवर, कारण गहाण सोडवण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे (१९६३ च्या आधी साठ होती), आणि सावकार पक्ष म्हणायचा की तीस वर्षं गहाणखताच्या तारखेपासून मोजा, झाली की रान आमचं. हरियाणातून गेलेल्या सिंग राम विरुद्ध शिवराम या खटल्यात २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कब्जेगहाणात घड्याळ गहाणाच्या तारखेला सुरू होत नाही, कलम ६२ प्रमाणे पैसे फिटले, दिले किंवा कोर्टात भरले तेव्हा होतं. नुसती वर्षं गेली म्हणून सावकार मालक होत नाही. फलभोग्यो न नश्यति, दुसरं काय!

मग गावात बुडालं का म्हणतात? माझा अंदाज, लोक यात मुदतखरेदी मिसळतात. तो कागद दिसायला खरेदीखत असतो, आत अट अशी की अमुक वर्षांत पैसे परत दिले तर जमीन परत, नाहीतर खरेदी कायम. तिथे मुदत टळली की जमीन जाते असं लोक मानत आलेत. ते खरंच खरेदीखत असेल तर जातेही, आणि ते खरं तर गहाणच होतं का यावर कोर्टात पिढ्यान् पिढ्या गेल्यात. (१९२९ पासून ती अट त्याच कागदात असल्याशिवाय गहाण धरत नाहीत.) म्हणून तुमच्या कागदाच्या डोक्यावर कब्जेगहाण आहे की मुदतखरेदी हे आधी नीट वाचा, त्या एका शब्दावर रान अडलेलं असतं.

कब्जेगहाण संपतं ते मोजक्याच प्रकारे. पैसे देऊन सोडवलं, किंवा मधल्या काळात घरातल्या कोणी तीच जमीन सावकाराला रीतसर विकून टाकली, किंवा कोर्टाने हक्क संपल्याचा हुकूमनामा दिला. दुसऱ्या शक्यतेकडे लोक बघतच नाहीत, दाव्याची तयारी करतात आणि समोरून चुलत आजोबांच्या अंगठ्याचं खरेदीखत निघतं. म्हणून आधी जुने फेरफार काढा. ज्या फेरफाराने गहाण लागलं त्यात कब्जेगहाण हा शब्द आणि रक्कम बहुतेक सापडते, मग दुय्यम निबंधकाकडून त्या दस्ताची नक्कल घ्या, आणि नंतरचा प्रत्येक फेरफार वाचा की सावकाराचं नाव इतर हक्कातून कब्जेदाराच्या रकान्यात कधी आणि कशाच्या जोरावर सरकलं. मागे खरेदीखत नसेल आणि नाव नुसतंच सरकलं असेल तर त्याने मालकी येत नाही. तो कुळ असल्याचंही सांगेल, पण कूळकायद्याच्या कलम ४ मध्ये ताब्यातल्या गहाणदाराला मानीव कूळ होण्यातून वगळलंय.

नंतर रक्कम देऊ करायची, ती साक्षीदारांसमोर किंवा वकिलाच्या नोटिशीने, तोंडी नाही. घेतली तर फेडीचा कागद नोंदवून फेरफार करून घ्या. नाही घेतली तर कलम ८३ खाली ती कोर्टात भरता येते, आणि रक्कम देऊ केल्या किंवा भरल्याच्या दिवसापासूनच्या उत्पन्नाचा हिशोब सावकाराला द्यावा लागतो, तोपर्यंतचं पीक मात्र त्याचं. त्यामुळे तारीख जपा. आणि उभ्या पिकात ताबा मागून वाद वाढवू नका, रब्बी निघाल्यावर पाडव्याच्या सुमाराला मागा, रान मोकळं असतं आणि समोरच्याला 'पेरलंय आता' म्हणायला जागा राहत नाही.