घर सोडताना सामान नवीन भाडेकरूला विकायचं आहे, घरमालकाची परवानगी कशी घ्यावी?

प्रश्न: नागपुरात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतो. मेअखेर पुण्याला बदली आहे. एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन, बेड आणि कूलर नेण्यापेक्षा येणाऱ्या भाडेकरूला विकावं असं वाटतं. घरमालकांना विचारावं लागेल का? कसं विचारू? ते नाही म्हणाले तर?

उत्तर:

मी मनीष नगरातला एक फ्लॅट भाड्याने देतो. म्हणजे तुम्ही ज्या माणसाला विचारणार आहात, तो मीच समजा. माझ्याकडे असाच एक व्यवहार झाला होता, म्हणून घरमालकाच्या डोक्यात अशा वेळी काय चालतं ते आधी सांगतो.

तुमचा फ्रीज विकायला तुम्हाला कोणाचीच परवानगी लागत नाही. वस्तू तुमची, बिल तुमचं. परवानगी लागते ती घर सोडल्यावर तो फ्रीज त्या घरात *ठेवून जायला*. लिव्ह अँड लायसन्स संपलं की घर मोकळं करून द्यायचं, हे तुमच्या करारात असणारच. इझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे लायसन्स रद्द झाल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो. सामान तिथेच सोडून जायचा हक्क मिळत नाही. म्हणून "काका, फ्रीज विकू का?" असं विचारूच नका. ते म्हणतील, "तुझा फ्रीज आहे, मला काऊन विचारून राहिला?" आणि तुम्हाला वाटेल परवानगी मिळाली. "नवीन भाडेकरूने घेतल्यास ह्या वस्तू घरातच राहू द्याल का?" असा प्रश्न हवा.

आता त्यांच्या मनातलं. पहिली भीती अशी, की नवीन माणूस घर बघायला येतो तेव्हा भिंतीवर एसी दिसतो, खिडकीत कूलर दिसतो. एजंटही "सगळं आहे साहेब" म्हणून मोकळा होतो. सहा महिन्यांनी एसी बंद पडला की फोन मला येतो. दुसरी भीती, तो माणूसही एक दिवस जाईल आणि ते सामान माझ्या गळ्यात टाकून जाईल. तिसरी भीती तुमच्या दोघांच्या पैशांची. विकत घेतलेलं मशीन दोन महिन्यांत बिघडलं, तुम्ही पुण्यात, मग तो माझ्या भाड्यातून कापून घ्यायला बघतो. तुमच्या निरोपात ह्या तिन्हींचं उत्तर असलं तर कोणी उगाच अडवत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी घरमालक, मग नवीन भाडेकरू. उलटं झालं आणि त्याच्याकडूनच मालकांना कळलं की बिनसतं, कारण त्यांना वाटतं आपल्या घराचा सौदा आपल्या मागे चाललाय. त्यात एक खोच आहे: भाडेकरू कोण ठेवायचा हे ते ठरवतात. "माझं सामान घेणाऱ्यालाच घर द्या" असा सूर चुकूनही निघू देऊ नका. फोनवर बोला, पण नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका. साधारण असं:

"काका, नमस्कार. आम्ही ३१ मेला घर सोडतोय. आमचा एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन, बेड आणि कूलर नवीन भाडेकरूंना हवे असतील तर त्यांना विकून घरातच ठेवावे असा विचार आहे. तुमची हरकत नसेल तरच त्यांच्याशी बोलतो. वस्तू त्यांच्या मालकीच्या होतील, दुरुस्तीची आणि पुढे हलवायची जबाबदारी त्यांची, तसं त्यांच्याकडून लिहून घेतो. त्यांनी नाही घेतलं तर ३० तारखेपर्यंत सगळं उचलून घर रिकामं करून देतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. सौदा फिसकटला तर काय, हे त्यांना आधीच कळतं.

यादी करायच्या आधी एकदा घरभर फिरून कोणती वस्तू कोणाच्या पैशाची ते बघा. माझ्या भाडेकरूच्या यादीत गिझरही होता. विकत त्यानेच आणला होता, खरं आहे; पण जुना जळाल्यावर माझ्या सांगण्यावरून आणला होता आणि ते पैसे त्या महिन्याच्या भाड्यातून वळते केले होते. म्हणजे गिझर माझा. त्याच्या मनात काही खोट नव्हती, बिल त्याच्या नावावर होतं म्हणून धरला यादीत. जुना चॅट काढला, विषय संपला. पंखे, नळ, पडद्यांचे रॉड, स्वयंपाकघरातलं एखादं कपाट यांचंही असंच तपासा.

खरी मेख मात्र भिंतीत आहे. स्प्लिट एसीसाठी भिंतीला आरपार भोक पाडलेलं असतं, बाहेर युनिटचे ब्रॅकेट ठोकलेले असतात. कूलरचा लोखंडी स्टँडही कित्येकदा खिडकीखाली पक्का केलेला असतो. तुम्ही एसी काढून नेला असता तर भोक बुजवून, रंगाचा हात मारून देणं तुमच्याकडे आलं असतं. एसी विकला तर भोक राहतं, आणि ते बुजवायची जबाबदारी कोणाची, हे कोणी बोलत नाही. डिपॉझिट परत करताना मालकाला आठवतं. म्हणून विकत घेणाऱ्याबरोबर जी विक्रीची चिठ्ठी कराल, तिच्यात एक ओळ टाका: "एसी व स्टँड काढल्यास भिंत पूर्ववत करून देण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्याची." त्यावर घरमालकांचं "ठीक आहे" घ्या. ते नाही म्हणाले तर तेवढी रक्कम आताच ठरवून टाका, नंतर घासाघीस नको.

तसंच डिपॉझिटचं. घर रिकामं असलं की भिंती दिसतात, बेड आणि कपाट जागेवर असलं की नाही दिसत. वर्षभराने नवीन माणसाने बेड सरकवला आणि मागे ओल दिसली, तर ती कोणाच्या काळातली? मी आमच्या पाहणीच्या वेळी बेड फूटभर पुढे ओढायला लावला होता. मागे प्लास्टर फुगलेलं होतं, हाताने दाबलं की पोपडा निघत होता. बाथरूमच्या बाजूची भिंत, म्हणजे गळती माझ्या पाइपची. ती माझ्या खात्यावर गेली. तेव्हाच बघितलं नसतं तर दोघांपैकी एकावर उगाच आळ आला असता. तुम्हीही मालकांसमोर प्रत्येक जड वस्तू सरकवून तारखेसह फोटो काढा.

किंमत कशी ठरवायची? आमच्याकडच्या एसीचं उदाहरण देतो. दीड टनाचा, चार वर्षं वापरलेला. जुन्या सामानाच्या दुकानदाराने ९,००० सांगितले, काढून नेणं त्याचं. नवीन भाडेकरूला तसाच वापरलेला एसी दुकानातून १५,००० ला पडला असता, वर बसवणं, पाइप आणि गॅस मिळून आणखी ४,०००. म्हणजे विकणाऱ्याला ९,००० च्या वर काहीही फायद्याचं, घेणाऱ्याला १९,००० च्या आत काहीही फायद्याचं. १४,००० ला तोडलं आणि दोघंही खूश. तुमच्या प्रत्येक वस्तूला हे दोन आकडे काढा. बेडसारख्या वस्तूला दुकानदार जवळजवळ काही देत नाही, कारण सोडवून जिन्याने उतरवायची कटकट. तिथे घेणारा म्हणेल त्याच्या जवळपास द्या.

कूलरचं गणित नागपुरात वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये जुन्या कूलरलाही भाव असतो, मेच्या शेवटी पारा ४५ ला टेकलेला असला तरी घेणाऱ्याला माहीत असतं की पंधरा-वीस दिवसांत पाऊस येईल आणि कूलर झाकून ठेवायचाय. त्यावर ताणू नका. टाकी रिकामी करून तळाशी बोट फिरवून दाखवा. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो आणि त्याखाली पत्रा गंजतो. गंज आरपार गेला असेल तर तो कूलर विकायचा नाही, भंगारवाल्याला द्यायचा. ताट्या नवीन घालून विकायच्या फंदात पडू नका, पुढच्या उन्हाळ्यात तो घालेलच.

पैसे आणि चाव्या यांची वेळ नीट जुळवा. घेणाऱ्याला बोलावून सगळं चालू करून दाखवा: एसी निदान अर्धा तास, वॉशिंग मशीन एक पूर्ण फेरा पाणी काढण्यासकट. थोडा टोकन तेव्हाच, बाकी चावी मालकांना देण्याआधी, यूपीआयने. रोख घेतलीत तर पावती द्या. चिठ्ठीत वस्तू, मॉडेल आणि सिरीयल नंबर, किंमत, "पाहून व चालवून घेतले, आहे त्या स्थितीत", आणि कोणत्या तारखेपासून माल त्यांचा, एवढं पुरतं. ही तारीख का महत्त्वाची? तुम्ही ३१ ला गेलात आणि ते १० जूनला आले, तर मधले दहा दिवस सामान बंद घरात आहे, बहुधा रंगारीही आत आहे. सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टप्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर मालकी गेली की जोखीमही तिच्याबरोबर जाते. फ्रीजवर शिडी पडली तर तो कोणाचा फ्रीज होता, हे तारखेवरून ठरेल. रंगकाम असेल तर घरमालकांना विचारा, सामान मधल्या खोलीत गोळा करून प्लास्टिकने झाकून देऊ का. रंगारी भरल्या घराचे जास्त सांगतो, ते कोण देणार हेही बोलून घ्या.

चिठ्ठीचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये असू द्या. घरमालकांना सुचवा, नवीन करार नोंदवताना घरातल्या वस्तूंची यादी जोडतात तिच्यात ह्या वस्तू येऊ देऊ नका. किंवा स्पष्ट लिहा की त्या भाडेकरूच्या आहेत. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, त्यामुळे ती यादी पुढे कामाची ठरते. ह्या एका ओळीने माझी पहिली आणि दुसरी भीती दोन्ही गेल्या होत्या.

नाही म्हणाले तर कारण विचारा. कधीकधी कारण असं असतं की त्यांना घर सामानासकट दाखवून भाडं वाढवायचंय. मग तेच गिऱ्हाईक! एसी आणि बेड त्यांनाच विका, किंमत डिपॉझिटबरोबर परत घ्या, पण वेगळ्या ओळीत लिहून. तसं नसेल आणि त्यांना घर मोकळंच हवं असेल, तर हुज्जत घालू नका. नवीन माणसाला घराबाहेर माल ताब्यात द्या, तो आपल्या टेम्पोने आणेल. फ्रीज-मशीनपुरतं हे सहज जमतं, एसीचं मात्र काढण्या-बसवण्यात सगळा फायदा जातो, तो दुकानदाराला दिलेला बरा.

आणि गॅस सिलिंडर यादीत टाकू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे असतात, तुम्ही फक्त डिपॉझिट भरलेलं असतं. एजन्सीत जमा करून कागद घ्या आणि पुण्यात त्यावर कनेक्शन घ्या. शेगडी तुमची, ती खुशाल विका. वायफायचा राउटरही बहुधा कंपनीचाच निघतो, आधी बिल बघा.