जप्त शेअर्सपैकी थोडेच विकले असतील तर

प्रश्न: जप्त केलेल्या शेअर्सपैकी काहीच पुन्हा विकले, तर जप्तीची उरलेली सगळी रक्कम कॅपिटल रिझर्व्हला न्यायची का?

नाही. विकलेल्या शेअर्सच्या वाट्याची तेवढीच न्यायची. यावरून फोर्टमधल्या एका ऑफिसात आर्टिकलशिप करताना माझं सीनियरांशी वाजलं होतं, आणि ते अजून मनात आहे.

छोटी कंपनी, १० रुपयांचा शेअर. एका भागधारकाने ३०० शेअर्सवर अर्ज आणि वाटपाचे मिळून ६ रुपये भरले, ४ रुपयांचा शेवटचा कॉल थकवला. नोटीस गेली, पैसे आले नाहीत, शेअर जप्त झाले. शेअर कॅपिटल ३,००० ने डेबिट, कॉल्स इन अरिअर्स १,२०० ने क्रेडिट आणि शेअर फॉरफिचर १,८०० ने क्रेडिट. इथपर्यंत वाद नव्हता.

मग २०० शेअर ८ रुपयांना, पूर्ण भरलेले म्हणून दिले. बँकेत १,६०० आले, कमी पडलेले ४०० फॉरफिचरमधून घेतले. सरांनी उरलेले १,४०० सरळ कॅपिटल रिझर्व्हला नेले. मी म्हटलं, "सर, दोनशे शेअर्सची जप्ती १,२००च आहे. त्यातून ४०० वजा केले की ८०० न्यायचे. शंभर शेअर्सचे ६०० खात्यातच राहायला हवेत." ते म्हणाले, "अगं, शेवटी बेरीज तीच येते."

पुढच्या वर्षी उरलेले शंभर ७ रुपयांना गेले. कमी पडलेले ३०० घ्यायला फॉरफिचर खात्यात काहीच नव्हतं, खात्याला डेबिट शिल्लक आली. रिझर्व्हमधून ३०० परत आणून ते मिटवलं आणि रिझर्व्हला १,१०० राहिले. माझ्या पद्धतीने ८०० अधिक ३००, तेही १,१००च. बेरीज तीच, हे खरं. पण मधल्या ताळेबंदात रिझर्व्ह ६०० ने फुगला होता आणि ते ६०० भांडवलाच्या टिपेत, जप्त शेअर्सच्या ओळीत दिसायला हवे होते. शेअर पुन्हा विकला जाईपर्यंत ती रक्कम नफा नाहीच. तो कितीला जाईल हे ठरलेलं नसतं, सूट द्यायची वेळ आली तर ती याच पैशातून, आणि तेवढ्यापुरतीच.

तपासायला सोपं आहे: न विकलेले शेअर गुणिले त्यांवर भरलेली रक्कम. इथे १०० गुणिले ६. फॉरफिचर खात्याची शिल्लक एवढी नसेल, तर नोंद चुकली. सर, हे तेव्हा एका कागदावर मांडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

प्रीमियमचे शेअर असतील तर एक सांगायचं राहिलं: मिळालेल्या प्रीमियमला हात लावायचा नाही. न मिळालेला असेल, तरच सिक्युरिटीज प्रीमियम खातं डेबिट करायचं.