संहिता बोली करताना '24 तासांच्या आत'चं काय करायचं?

प्रश्न : आरोग्यावरच्या ध्वनिफितीची संहिता 'देण्यात यावे, विरघळवावे' अशा भाषेत आली आहे. ती बोलल्यासारखी करायची, पण माहिती तसूभरही बदलायची नाही. कसं जमवावं?

मूळ मजकूर असा असणार असं धरतो : 'अतिसार झालेल्या बालकास ओआरएसचे द्रावण देण्यात यावे. एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात एक लिटरसाठीचे संपूर्ण पाकीट विरघळवावे. द्रावण 24 तासांच्या आत वापरावे, उरलेले टाकून द्यावे.'

'अतिसार'चे 'जुलाब' आणि 'बालकास'चं 'बाळाला' करणं सोपं. पण मूळ मजकूर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असेल, तर 'बाळ' म्हटल्यावर चार वर्षांच्या मुलाची आई 'हे आपल्यासाठी नाही' असं समजेल. तिथे 'लेकरू' किंवा 'मूल' बरं.

खरी अडचण '-ण्यात यावे'ची. या रचनेत करणारा कोण ते सांगावं लागत नाही, बोलताना मात्र कुणीतरी लागतं. म्हणून लिहिणारा सहज 'आईनं द्यावं' किंवा 'आशाताईंना द्यायला सांगा' असं घालतो, आणि मूळात नसलेली माहिती आत शिरते. '-आयचं' रूप वापरलं की ही पंचाईत टळते : 'द्यायचं', 'विरघळवायचं'. बोलणंही सहज होतं आणि करणारा मोकळाच राहतो.

मापांना हात लावू नका. 'लिटरभर' चालेल, 'तांब्याभर' नको. तांबे घरोघरी वेगळे. पाणी कमी पडलं तर द्रावण तीव्र होतं आणि ते मुलाला अपायकारक ठरू शकतं. तसंच ओआरएसच्या जागी 'मीठ-साखरेचं पाणी' लिहू नका. ओआरएसमध्ये पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं, म्हणजे तो सोपा शब्द नव्हे, वेगळा पदार्थ झाला.

'24 तासांच्या आत'चं 'दिवसभरात' तर मुळीच करू नका. संध्याकाळी सहाला केलेलं द्रावण 'दिवसभरात' म्हटल्यावर रात्री फेकलं जाईल, किंवा दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ठेवलं जाईल. 'आज सहाला केलं, तर उद्या सहापर्यंतच' असं उदाहरण द्या. इथला 'च' मूळ अर्थातलाच आहे. 'पूर्ण पाकीट'मधला 'पूर्ण'ही गाळू नका, अर्धं उद्यासाठी ठेवणारे असतात. 'म्हणे', 'शक्यतो', 'साधारण' मात्र वाक्य गोड करायला टाकू नयेत, त्यांनी सूचना ढिली होते. 'बरं का' निरुपद्रवी आहे.

मी असं लिहीन :

'लेकराला जुलाब होतायत? मग ओआरएस द्यायचं. एक लिटरचं पाकीट घ्यायचं, एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण ओतायचं आणि विरघळेपर्यंत ढवळायचं. हे पाणी 24 तासांच्या आत संपवायचं, बरं का. आज सहाला केलं, तर उद्या सहापर्यंतच. उरलं तर टाकून द्यायचं.'

हे मूळ न पाहिलेल्या एखाद्याला एकदाच वाचून दाखवा आणि पाणी किती, पाकीट किती, कधीपर्यंत, एवढं विचारा. उत्तर अडखळलं, तर त्याच जागी मूळ शब्द परत आणा.